‘सहा महिन्यांत लीड करू’: पण कागदावर कुठे आहे?

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत नोकरी बदलणाऱ्यांना हा फोन ओळखीचा असेल. मुलाखतीच्या फेऱ्या झालेल्या असतात, पगाराचंही जवळपास जमलेलं असतं, आणि मग रिक्रुटर म्हणते, “सर, एकच आहे. लीडची पोझिशन सध्या ओपन नाहीये. सीनियर इंजिनिअर म्हणून जॉइन व्हा, सहा महिन्यांत प्रमोशन पक्कं.”

ती खोटं बोलत असेलच असं नाही. पण जे देण्याचा शब्द ती देते आहे, ते तिच्या हातात नसतं. कुठल्या ग्रेडची किती माणसं घ्यायची हे विभागाच्या बजेटवर ठरतं, आणि प्रमोशन मॅनेजर व त्याचे वरिष्ठ मिळून ठरवतात. तुम्ही रुजू झालात की रिक्रुटरचं काम संपलं.

आता हे ‘सहा महिने’ कॅलेंडरवर मांडून बघा. समजा, नऊ वर्षांचा अनुभव असलेली, सध्या टेस्ट लीड असलेली एक मुलगी 15 नोव्हेंबरला सीनियर टेस्ट इंजिनिअर म्हणून रुजू झाली. सहा महिने भरतात 15 मे रोजी. कंपनीची अप्रेझल मात्र एप्रिलमध्ये होतात आणि 30 सप्टेंबरनंतर आलेल्यांना त्या फेरीत धरत नाहीत. असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. म्हणजे तिचं नाव पहिल्यांदा चर्चेला येणार ते त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये, रुजू झाल्यावर जवळपास सतरा महिन्यांनी. तेही फक्त चर्चेला. म्हणून रिक्रुटरला पहिला प्रश्न विचारायचा तो प्रमोशन मिळेल का हा नव्हे. “हे एप्रिलच्या सायकलमध्ये होणार की सायकलबाहेर, आणि सायकलबाहेर असेल तर मंजुरी कोण देणार?” असं विचारा. उत्तर चाचपडत आलं, तर पुढचं समजून घ्या.

बहुतेक ऑफर लेटरमध्ये शेवटाकडे एक वाक्य असतं: या पत्रापूर्वी झालेली सर्व बोलणी या पत्रामुळे रद्द समजावीत. फोनवरचं ‘पक्कं’ त्या एका वाक्यात वाहून जातं. आणि नुसतं ‘योग्य वेळी पदोन्नतीचा विचार केला जाईल’ असं लिहून मिळालं, तर त्यालाही फारसा अर्थ नाही. भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 29 सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल असतो. अर्थात प्रमोशनसाठी कोर्टात कोण जातं? कागदाचा खरा उपयोग वेगळा आहे. शब्द देणारा मॅनेजर चार महिन्यांत दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो आणि नवा म्हणतो, “मला यातलं काही माहीत नाही.” त्या वेळी त्याच्यापुढे ठेवायला काहीतरी हवं.

तेव्हा फोनवर हो-नाही काही न म्हणता त्याच संध्याकाळी मेल टाका. रिक्रुटरला, आणि सीसीमध्ये मॅनेजरला. मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा असावा:

“आजच्या बोलण्याप्रमाणे मी सीनियर टेस्ट इंजिनिअर या पदावर रुजू व्हावं आणि सहा महिन्यांनी मला टेस्ट लीड करावं असं ठरतं आहे. ऑफर लेटरमध्ये चार गोष्टींचा उल्लेख करावा ही विनंती: आढाव्याची तारीख (15 मे), आढावा कोण घेणार, कोणत्या कामावरून निर्णय होणार, आणि पद मिळाल्यावर ग्रेड व पगार किती होणार. हे आल्यावर मी लगेच होकार कळवते.”

यात कुरबुर नाही, अविश्वासही नाही. झालेलं बोलणं फक्त लिहून काढलं आहे.

प्रमोशनची लेखी हमी बहुतेक कंपन्या देणार नाहीत, आणि त्यात त्यांचंही फार चुकत नाही. माणूस काम कसा करतो हे पाहिल्याशिवाय कोण लिहून देईल? पण आढाव्याची तारीख आणि निकष लिहून द्यायला अडचण नसावी. तेवढं मिळालं तर मला तो सौदा वाईट वाटत नाही. “आमची तशी पॉलिसी नाही, पण माझ्यावर विश्वास ठेवा” असं उत्तर आलं, तर प्रमोशनची किंमत शून्य धरा आणि समोर जे पद व जो पगार आहे तेवढ्यावरच निर्णय घ्या. तसं असेल तर जे आज देता येतं ते मागा: लीडच्या ग्रेडचा पगार किंवा जॉइनिंग बोनस. काही कंपन्यांत आतली ग्रेड आणि बाहेर दाखवायचं पद वेगळं असतं. तिथे ग्रेड खालची ठेवूनही पत्रावर ‘लीड’ लिहून मिळू शकतं. पुढच्या नोकरीच्या वेळी पडताळणी करणारे रिलीव्हिंग लेटरवरचं पदच बघतात, त्यामुळे हेही थोडं नाही.

हे सगळं राजीनामा देण्याआधी व्हायला हवं. नोटीस पीरियड बऱ्याच ठिकाणी 90 दिवसांचा असतो आणि एकदा राजीनामा पडला की घासाघीस करायची ताकद संपते. रुजू होण्याच्या दिवशी हातात पडणारं अपॉइंटमेंट लेटरही ऑफर लेटरशेजारी ठेवून वाचा. मिळालेली ती चार वाक्यं त्यात उतरली नसतील, तर सही करण्याआधी एचआरला तिथेच विचारा.