इन्स्टाग्रामवर माल विकताय? आधी तुमच्या पेजचं 'शेत' लांबून बघा : शेजारच्या पोस्टचे रंग कसे तपासायचे

आपल्याकडं हळद, मसाला, गूळ, बेदाणा, पापड असा माल इन्स्टाग्रामवर टाकून विकणारे बचत गट आणि शेतकरी आता गावोगावी आहेत. फोटो एकेक बघितला तर चांगला असतो. पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पहिल्यांदा तुमच्या नावावर बोट ठेवून पेज उघडतं, तेव्हा त्याला एक फोटो दिसत नाही. आडव्या तीन-तीनच्या ओळीत सगळा माल एकदम दिसतो. त्यात एक हळद हिरवट, तिच्याच खाली दुसरी हळद नारिंगी दिसली, तर गिऱ्हाईक विचारतं, "यातली खरी कुठली?" बरेच जण तर विचारतही नाहीत, सरळ पुढं जातात. हळदीत रंग मिसळतात ही भीती लोकांच्या मनात आधीच असते. म्हणून हा चौकटींचा तक्ता कसा तपासायचा ते आज बघू.

तीनचा हिशोब

नवी पोस्ट नेहमी डाव्या हाताला वर येते आणि जुन्या सगळ्या एकेक घर पुढं सरकतात. उजव्या कडेची पोस्ट खालच्या ओळीत डावीकडं जाते. त्यामुळं आज एका ओळीत नीट बसवलेले तीन फोटो उद्याच्या एका पोस्टनं मोडतात. ओळ जुळवत बसण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट मोडत नाही. ओळीत तीनच घरं असल्यामुळं कुठल्याही पोस्टच्या बरोब्बर खाली तिच्या आधीची तिसरी पोस्ट असते. कितीही सरकलं तरी ही जोडी वर-खालीच राहते. म्हणजे आज टाकलेल्या पोस्टचे दोन शेजारी धरून चालायचे. एक शेवटची टाकलेली, ती उजवीकडं येते. दुसरी मागून तिसरी, ती खाली येते. उजवीकडचा शेजारी कधी कधी ओळ बदलल्यानं तुटतो, खालचा मात्र कायमचा.

पेरणीत पिकं कशी लावली यावर शेताचा पट्टा दिसतो, तसंच इथं आहे. मसाला, हळद, पापड, पुन्हा मसाला, हळद, पापड अशा क्रमानं टाकत गेलात तर तीन उभे पट्टे पडतात : एक लाल, एक पिवळा, एक पांढरा. मसाला आणि हळद एकाआड एक टाकली तर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी होते, आणि ती कितीही सरकली तरी तशीच राहते. चार माल आलटून पालटून टाकले तर रंग तिरपे उतरतात. यातलं काहीही चालतं, फक्त आपण काय पेरतोय ते माहीत पाहिजे.

तपासायचं कसं?

आपलं पेज उघडा आणि वरच्या तीन ओळींचा स्क्रीनशॉट घ्या. फोन हातभर लांब धरा, डोळे बारीक करा. आता फोटोतलं काय आहे ते कळणार नाही, नुसते रंगाचे ठिपके दिसतील. पहिली नजर कुठं जाते ते बघा. ती मालावर न जाता एखाद्या भडक बॅनरवर किंवा निळ्या ताडपत्रीवर जात असेल, तर दोष तिथंच आहे.

मग कागदावर तीन बाय तीनचा तक्ता काढा. प्रत्येक घरात मालाचा रंग लिहा आणि त्याखाली मागं काय होतं त्याचा रंग लिहा. मालाचे रंग दोन-तीनच निघतात. मागचे रंग मात्र पाच-सहा निघतात : ताडपत्रीचा निळा, चटईचा हिरवा, साडीचा जांभळा. पेज विस्कटलेलं दिसतं ते बहुतेक वेळा या मागच्या रंगांमुळं.

तिसरी तपासणी उजेडाची. त्याच स्क्रीनशॉटचा रंग फोनच्या गॅलरीत काढून टाका. एडिटमध्ये Saturation अगदी कमी केलं की फोटो काळा-पांढरा होतो. आता काळोख्या पोस्ट एका कोपऱ्यात गोळा झाल्यात का ते बघा. झाल्या असतील तर तिथं पेजला खड्डा पडल्यासारखा दिसतो. गडद पोस्ट पसरलेल्या हव्यात.

एक पेज घेऊन बघू

समजा, एका बचत गटाच्या पेजवर वरच्या नऊ पोस्ट अशा आहेत. पहिल्या ओळीत सणाच्या शुभेच्छांचा केशरी-गुलाबी बॅनर, निळ्या ताडपत्रीवरचा कांदा-लसूण मसाला, ट्यूबलाइटखाली काढलेली हळद. दुसऱ्या ओळीत वाढदिवसाचा बॅनर, स्टीलच्या ताटातला मसाला, उन्हात हिरव्या चटईवर काढलेली हळद. तिसऱ्या ओळीत चौकोनी दरपत्रक, कांडप यंत्राजवळच्या काळोख्या खोलीतला मसाल्याचा रील, साडीवर वाळत घातलेले पापड.

तपासलं तर काय दिसतं? मधला पट्टा वरपासून खालपर्यंत लाल, कारण प्रत्येक तिसरी पोस्ट मसाल्याची पडत गेली. डावीकडं दोन बॅनर एकावर एक. उजवीकडं हिरवट हळदीच्या खाली नारिंगी हळद. माल एकच, पण उजेड वेगळा.

यासाठी सगळं पुसून नव्यानं सुरू करायची गरज नाही. पोस्टच्या तीन टिंबांवर दाबून Archive केलं की ती लोकांना दिसत नाही, पण लाइक-कमेंटसकट आपल्याकडं राहते. परत हवी तेव्हा आणता येते. इथं दोन्ही बॅनर असे बाजूला काढायचे. शुभेच्छा पुढं स्टोरीत टाकायच्या, चोवीस तासांनी त्या आपोआप निघून जातात.

दरपत्रक गिऱ्हाइकाला आधी हवं असतं, म्हणून ते त्याच तीन टिंबांतून पिन करून वर ठेवायचं. अशा तीनपर्यंत पोस्ट पिन करता येतात. पिन केलेली पोस्ट हलत नाही, म्हणून ती तीनच्या हिशोबात धरायची नाही.

आता तक्ता बघा. पहिली ओळ : दरपत्रक, ताडपत्रीवरचा मसाला, ट्यूबलाइटची हळद. दुसरी : ताटातला मसाला, उन्हातली हळद, मसाल्याचा रील. तिसरीत पापड. एकही नवा फोटो न काढता लाल पट्टा मोडला आणि मसाल्याच्या खाली हळद आली.

पुढची पोस्ट कुठली? पिन सोडून शेवटची पोस्ट मसाल्याची, ती उजवीकडं येणार. मागून तिसरी ताटातला मसाला, तो खाली येणार. दोन्हीकडं लाल, म्हणून नवी पोस्ट हळदीची पाहिजे. ती टाकली की पहिल्या ओळीत दरपत्रक, हळद, मसाला आणि दुसऱ्या ओळीत हळद, मसाला, हळद असा पट तयार होतो.

इथं ट्यूबलाइटची हळदही लगेच काढून टाकावीशी वाटेल. पण मधली एक पोस्ट काढली की मागच्या सगळ्या एक घर पुढं येतात. या तक्त्यात ती काढली तर ताडपत्रीवरचा आणि ताटातला मसाला हिशोबात एकमेकांना चिकटतात, आणि नव्या हळदीच्या खाली उन्हातली नारिंगी हळद येते. म्हणून काढायच्या आधी कागदावर सरकवून बघा. नाहीतर राहू द्या, नव्या पोस्ट येतील तशी ती खाली जाईल.

दर वेळी तक्ता काढायचा कंटाळा येत असेल तर गॅलरीत चार फोटोंचा कोलाज करा. वर नवा फोटो आणि शेवटची पोस्ट, खाली मागून तिसरी आणि चौथी. नवी पोस्ट शेजाऱ्यांजवळ कशी दिसेल ते दोन मिनिटांत कळतं.

मालाचा रंग बदलू नका, मागचं बदला

पेज एकसारखं दिसावं म्हणून काही जण प्रत्येक फोटोला फिल्टर लावतात. खाण्याच्या मालाला हे महागात पडतं. फिल्टरनं हळद जास्त पिवळी दिसली आणि घरी आलेली फिकी निघाली, तर गिऱ्हाईक भेसळीचाच संशय घेतं. त्यापेक्षा एकच स्वच्छ गोणपाट किंवा पांढरं सुती कापड फोटोसाठी राखून ठेवा आणि सगळा माल त्यावरच मांडा. फोटो सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, ओसरीत सावलीत काढा. ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब बंद ठेवा. मागचा रंग आणि उजेड एक झाला की हळद पिवळी, मसाला लाल आणि गोणपाटाचा भुरा असे तीन रंग आपोआप फिरून फिरून येतात. तेच तुमच्या पेजची ओळख होतात.

कडेला आकडे लिहू नका

2025 पासून इन्स्टाग्रामच्या तक्त्यातली घरं चौकोनी राहिली नाहीत, उभी झालीत. रुंदी तीन तर उंची चार. त्यामुळं चौकोनी पोस्टचा डावीकडं आणि उजवीकडं आठवा-आठवा हिस्सा तक्त्यात कापला जातो. दरपत्रकाच्या कडेला फोन नंबर असेल तर शेवटचे आकडे दिसत नाहीत. उभ्या रीलचं उलटं होतं, वरचा आणि खालचा आठवा हिस्सा जातो. म्हणून फोनचा कॅमेरा 3:4 वर ठेवा, आणि नाव, दर, नंबर मधोमध लिहा. रीलला कव्हर निवडताना उजेडातलं, माल स्पष्ट दिसेल असं चित्र घ्या. नाहीतर यंत्र काळोख्या हालचालीतलं एखादं चित्र उचलतं.

याची मर्यादा

हा तक्ता फक्त पेज उघडणाऱ्याला दिसतो. ज्याच्या मोबाइलवर तुमची पोस्ट एकटीच जाते, त्याला शेजार दिसत नाही. म्हणून प्रत्येक फोटो एकटाही चांगला हवा. रंग जुळत नाही म्हणून ताजा माल चार दिवस अडवून ठेवू नका. द्राक्षं उतरली, तर हिरव्या शेजारी हिरवं आलं तरी त्याच दिवशी टाका. तक्ता महिन्यातून एकदा तपासला तरी पुरतो.

पुढची पोस्ट टाकायच्या आधी एवढंच करा : उजवीकडं काय येणार, खाली काय येणार, ते बघा आणि मग बटण दाबा.