आधी कापलेले व्याज कोणत्या वर्षाचे?

बँकेने १ मार्चला तीन महिन्यांची एक लाखाची हुंडी १२ टक्क्यांनी वटवली आणि ३,००० रुपये व्याज आधीच कापून घेतले. ३१ मार्चला त्यातले उत्पन्न किती? परिशिष्ट १३, म्हणजे मिळालेले व्याज, यात फक्त १,०००. उरलेले २,००० पुढच्या वर्षाचे, म्हणून ते ताळेबंदात ‘इतर देणी’मध्ये बसतात. परीक्षार्थी नेमके इथेच चुकतात.

मग हुंडी कुठे? परिशिष्ट ९ मध्ये, पूर्ण एक लाखाला. तिथे तीच कर्जे प्रकार, तारण आणि क्षेत्र अशी तीनदा मांडतात; तिन्ही बेरजा जुळायलाच हव्यात.

ठेवीदाराला अजून न दिलेले व्याज? साठले तेवढे परिशिष्ट १५ मध्ये खर्ची पडते. अनुत्पादक कर्जावरचे व्याज मात्र हाती आल्याशिवाय उत्पन्नात धरत नाहीत.