सूर्य चौकटीबाहेर, तरी फोटो फिका

संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला की काळेभोर केसही राखाडी दिसतात. सूर्य चौकटीत नसतो, पण त्याचे किरण लेन्सच्या काचेवर तिरके पडतात. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. चांगला लेप हे प्रमाण बरंच घटवतो, शून्य मात्र करत नाही. आत आपटत राहिलेला हा प्रकाश सगळ्या चित्रावर पातळ पसरतो. समजा, आकाशाचा उजेड १०० आणि केसांचा १ आहे. दोन्हीकडे १ मिसळला, तर आकाश १०१ होतं, केस मात्र दुप्पट उजळतात. काळेपणा हरवतो तो असा.

स्क्रीनकडे पाहत तळहाताची सावली लेन्सवर पाडून बघा. केस लगेच गडद झाले, तर कारण हेच. लेन्सचा हूड हेच काम करतो. सूर्य चौकटीत असेल तेव्हा मात्र तो निरुपयोगी. मग दोन पावलं सरकून सूर्य माडाच्या खोडाआड घ्यावा. मोबाइलवाल्यांनी त्याआधी लेन्स मऊ कापडाने पुसावी, कारण बोटाचा तेलकट ठसाही असाच प्रकाश विखुरतो आणि तिथे हूड काही करू शकत नाही.