अक्षय तृतीयेआधी आंबा का महागतो?

वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आमरसाचे जेवण होते. पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालायचा नाही, अशी रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. त्यामुळे या दिवसाच्या आधीचे दोन-तीन दिवस आंब्याच्या बाजारात सर्वांत जास्त गर्दी असते. नेमक्या याच वेळी बाजारात माल कमी आला, तर भाव झपाट्याने चढतो. हा भाव कोण चढवतो आणि तो एका ठरावीक आकड्यावरच का थांबतो, हे एका विक्रेतीच्या दोन आठवड्यांच्या धंद्यावरून समजून घेता येते. ही विक्रेती आणि तिचे हिशेब काल्पनिक आहेत. बाजार मात्र खराच आहे.

ही विक्रेती पुण्यात हातगाडीवर हापूस विकते. पहाटे ती गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाते, आडत्याच्या गाळ्यावरून पेटी घेते आणि दिवसभरात डझनावर विकते. सणाच्या आधीच्या आठवड्यात डझनाला 500 रुपये भाव होता. तिच्याकडे रोज आठ डझन माल असे आणि संध्याकाळपर्यंत तो संपत असे. सणाच्या दोन दिवस आधी तिला पाचच डझन मिळाले, तेही जवळपास दुपटीहून जास्त दराने. तिने कारण विचारले तेव्हा आडत्या म्हणाला, "ताई, आवक निम्म्यावर आलीये. घेणारे मात्र दुप्पट झालेत."

आडत्याच्या उत्तरात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, माल कमी आला. दोन, घेणारे वाढले. दोन्हींचा परिणाम भाववाढ हाच असतो, पण त्यांची कारणे वेगळी आहेत. म्हणून त्या एकेक करून पाहायला हव्यात.

आधी माल. देवगड किंवा रत्नागिरीच्या बागेत मोहोर फुलल्यापासून हापूस उतरवण्याजोगा होईपर्यंत साधारण साडेतीन ते चार महिने जातात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बाजारात येणारा आंबा म्हणजे डिसेंबरच्या सुमाराचा मोहोर. पाऊस लांबून जमिनीत ओल राहिली, तर झाड मोहोराऐवजी पालवी धरते आणि पहिला बहर मागे पडतो. मोहोर आल्यावर अवकाळी पाऊस किंवा ढगाळ हवा झाली, तर तुडतुडे आणि करपा तो खातात. थंडी लांबली तर फळ धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहोर येतो आणि आधीची वाटाण्याएवढी फळे गळून पडतात. यांपैकी काहीही घडले, की एप्रिलची आवक घटते. ही घट जानेवारी-फेब्रुवारीतच ठरून गेलेली असते.

एप्रिलमध्ये भाव चढलेला दिसला म्हणून बागायतदाराला झाडावर जास्त आंबे आणता येत नाहीत. फार तर थोडा कोवळा माल लवकर उतरवता येतो, पण तो नीट पिकत नाही, सुरकुततो आणि आंबट राहतो. पुरेसा तयार झालेला आंबाही कडक असतानाच उतरवतात आणि भाताच्या पेंढ्यात आढी लावून पिकायला ठेवतात. त्याला आठ-दहा दिवस लागतात. रायपनिंग चेंबरमध्ये हे काम लवकर होते, पण तिथेही काही दिवस जातातच. थोडक्यात, सणाच्या आठवड्यात बाजारात किती पिका आंबा असेल, हे त्याआधीच ठरलेले असते.

आता मागणी. विक्रेतीच्या गाडीवर रोज दहा गिऱ्हाइके येतात आणि प्रत्येकाला एक डझन हवे आहे, असे समजू. प्रत्येकाने मनाशी एक कमाल आकडा ठरवलेला असतो. त्यापुढे भाव गेला, की ते गिऱ्हाईक घेत नाही. पहिल्याची तयारी 1200 रुपयांची आहे, दुसऱ्याची 1100, तिसऱ्याची 1000, आणि अशीच शंभर-शंभरने उतरत दहाव्याची 300 रुपयांची.

नेहमीच्या दिवशी आठ डझन माल आहे. तो सगळा संपायचा, तर आठव्या गिऱ्हाइकालाही परवडेल असा भाव हवा. आठव्याची तयारी 500 रुपयांची आहे, म्हणून भाव 500 वर ठरतो. याहून जास्त भाव लावला, तर माल उरतो. 300 रुपये लावला, तर दहा जण आठ डझनांसाठी उभे राहतात आणि दोघे रिकाम्या हाताने परततात.

आता गिऱ्हाइके तीच आहेत, पण माल पाच डझनच आहे असे धरू. 500 रुपये भाव ठेवला, तर आठ जण घ्यायला तयार असतात आणि माल पाचांनाच पुरतो. कोणी तरी 600 देऊ करतो, दुसरा 700. भाव 800 वर पोहोचला, की बरोबर पाच गिऱ्हाइके उरतात. तिथे माल आणि घेणारे जुळतात आणि भाव थांबतो. गिऱ्हाइकांची संख्या किंवा तयारी तसूभरही न बदलता, केवळ तीन डझन कमी आल्यामुळे भाव 300 रुपयांनी वाढला.

त्यात सण आला. नैवेद्याला आंबा हवाच, म्हणून प्रत्येकाने आपला कमाल आकडा 200 रुपयांनी वाढवला असे धरू. पाचव्या गिऱ्हाइकाची तयारी आता 800 ऐवजी 1000 रुपयांची झाली. म्हणून भाव 1000 वर ठरतो. 500 वरून 1000 झालेल्या या वाढीत 300 रुपये टंचाईचे आणि 200 रुपये सणाचे आहेत. सण असताना आठ डझन माल आला असता, तर भाव 700 वरच थांबला असता.

यातून विक्रेतीला एक उपयोगी खूण सापडते. भाव वाढला आणि बाजारात एकूण विकला गेलेला माल घटला, तर मुख्य कारण टंचाई असते. भाव वाढला आणि विकलेला मालही वाढला, तर कारण मागणी असते. बाजार समितीच्या आवकेचे आकडे रोज जाहीर होतात. त्यांच्या शेजारी भाव ठेवून पाहिला, की कोणते वर्ष कसे होते ते कळते.

भाव दुप्पट झाला म्हणजे विक्रेतीची कमाई दुप्पट झाली, असे गिऱ्हाइकाला वाटते. तिच्या वहीतला हिशेब वेगळा आहे. नेहमीच्या दिवशी तिने डझन 350 रुपयांना घेतले आणि 500 ला विकले. आठ डझनांवर तिला 1200 रुपये सुटले. सणाच्या आधी मार्केट यार्डात तिच्यासारखे अनेक विक्रेते त्याच थोड्या पेट्यांसाठी उभे होते, म्हणून तिला डझनाला 800 रुपये मोजावे लागले. 1000 ला विकून पाच डझनांवर 1000 रुपये सुटले. म्हणजे भाव दुप्पट झाला, पण कमाई 200 रुपयांनी घटली. त्यात प्रत्येक वेळी एक डझन आंबा डागी निघाला असे धरले, तर नेहमीच्या दिवशी तिच्या हातात 700 रुपये तरी उरतात. सणाच्या दिवशी चार डझनांचे 4000 रुपये येतात आणि खरेदीतच 4000 गेलेले असतात. हाती काहीच उरत नाही.

मग माल दडवून ठेवून कोणी भाव चढवत नाही का? धान्याच्या किंवा साखरेच्या बाजारात महिनोन्‌महिने साठा करता येतो. हापूस पिकला की जेमतेम काही दिवस टिकतो. शीतगृहातले तापमान साधारण 12-13 अंशांखाली गेले, तर आंब्याची साल काळपट पडते आणि चव बिघडते. आढीतला माल एखादा दिवस मागे ठेवता येतो, त्यापलीकडे नाही. टंचाईच्या वर्षी खरी फसवणूक वेगळीच होते. कर्नाटकातून आलेला, दिसायला हापूससारखाच आंबा देवगड किंवा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो. 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या नावाच्या रक्षणासाठीच. कर्नाटकाचा आंबा त्याच्या खऱ्या नावाने विकला गेला, तर तो गिऱ्हाइकाच्या फायद्याचाच असतो. रसाला पायरी घेणारे किंवा दुसरा आंबा स्वीकारणारे जितके जास्त, तितका हापूसचा भाव कमी चढतो.

दर वर्षी टंचाई सारखी नसते, याचे आणखी एक कारण पंचांगात आहे. आंबा ऋतूप्रमाणे तयार होतो, तर अक्षय तृतीया चांद्रमासाच्या तिथीप्रमाणे येते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते, म्हणून सण दर वर्षी मागे सरकतो आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातो. 2023 मध्ये अक्षय तृतीया 22 एप्रिलला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि 2024 मध्ये ती 10 मेला आली. हापूसचा भर साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असतो. मेमधला सण ऐन भरात येतो. एप्रिलमधल्या सणाला मात्र पहिल्या बहराच्या मालावरच अवलंबून राहावे लागते, आणि तो बहर लांबला असेल तर टंचाई अटळ होते.

सण उलटला, की हीच गणिते उलट फिरतात. नैवेद्याची निकड संपते, गिऱ्हाइकांचे कमाल आकडे खाली येतात आणि त्याच सुमारास पुढच्या बहराचा माल उतरू लागतो. भाव घसरतो. सणाच्या आदल्या पहाटे 800 रुपयांनी घेतलेले डझन सणानंतर शिल्लक राहिले, तर ते तोट्यातच विकावे लागते. म्हणून जाणती विक्रेती शेवटच्या दिवशी कमी पेट्या उचलते आणि कच्ची पेटी तर घेतच नाही, कारण ती पिकेपर्यंत सण होऊन गेलेला असतो. मेअखेर पावसाची चाहूल लागते, बागायतदार उरलेला माल एकदम उतरवतात आणि बराचसा आंबा रस काढणाऱ्या कारखान्यांकडे किलोच्या दराने जातो.

सणाआधी चढलेला भाव गिऱ्हाइकाला खुपतो, पण तो एक कामही करतो. थोडा माल घेणाऱ्यांत कसा वाटला जाईल, हे तोच ठरवतो. त्याची एक उणीव मात्र आहे. तो गरजेकडे पाहत नाही, खिशाकडे पाहतो, आणि दहावे गिऱ्हाईक त्यामुळे आंब्याविना राहते. यावर घरगुती उपाय सोपा आहे. नैवेद्याला एक-दोन आंबे पुरतात. तेवढेच सणाला घ्यावेत आणि पेटी आठ दिवसांनी आणावी. बऱ्याच घरांनी असे केले, तर सणाच्या आदल्या दिवशीची गर्दी ओसरेल आणि शेवटच्या गिऱ्हाइकालाही परवडेल असा भाव राहील.