पहिली चौकट आणि तिसरा सेकंद

कल्हईवाल्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे असं धरू. काळपट पडलेलं पितळी पातेलं भट्टीवर तापतं, नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो, कथील वितळतं आणि कापसाचा बोळा फिरला की आतून चांदीसारखी झळाळी येते. मजकूर सोन्यासारखा, पण रील पाहणाऱ्याचा अंगठा आधीच वर सरकायला टेकलेला असतो. त्याला थांबवणाऱ्या सुरुवातीला या धंद्यात ‘हुक’ म्हणतात. हुक लागला की नाही, हे कसं ओळखायचं?

पहिली पद्धत डोळ्यांची. व्हिडिओची अगदी पहिली फ्रेम गोठवायची आणि कामाशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना फोनवरच सेकंदभर दाखवायची. मग दोनच प्रश्न विचारायचे: काय दिसलं? पुढे काय होईल असं वाटलं? इथे कव्हर दाखवण्याची चूक हमखास होते. कव्हर प्रोफाइलवरच्या जाळीत दिसतं. रील्स एकामागून एक सरकवणाऱ्याच्या समोर थेट व्हिडिओच सुरू होतो. संपादनात सुरुवातीला हळूहळू उजळणारा ‘फेड’ टाकला असेल, तर त्याची पहिली फ्रेम निव्वळ काळी असते, आणि मोठ्या पडद्यावर काम करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. शिवाय खालचा मजकूर फोनवर खात्याच्या नावाखाली झाकला जातो, तो वेगळाच.

दुसरी पद्धत आकड्याची. व्हिडिओ जितक्यांदा समोर आला, त्यातल्या किती वेळा तीन सेकंदांच्या पुढे पाहिला गेला, त्याची टक्केवारी. नुसत्या ‘व्ह्यूज’वर मात्र विसंबू नये. यूट्यूब शॉर्ट्सवर ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, आणि तो पुन्हा चालला तर पुन्हा मोजला जातो. अशा व्ह्यूमधून कोणी थांबलं की नाही, ते कळत नाही.

आता आपल्या कल्हईच्या दोन सुरुवाती करू. ‘अ’मध्ये पहिल्याच फ्रेममध्ये पातेलं अर्धं काळपट, अर्धं लख्ख. ‘ब’मध्ये काका भट्टीपाशी बसलेले, पातेलं कोपऱ्यात. फ्रेम पाहणारे सगळे ‘अ’ला कौल देतात, ‘ब’कडे पाहून एक जण विचारतो, “चहाचं दुकान आहे का?” मग दोन्ही व्हिडिओ अनोळखी प्रेक्षकांना दाखवायचे. इन्स्टाग्रामवर त्यासाठी ‘ट्रायल रील’ची सोय आहे; ती आधी फॉलोअर नसलेल्यांना दिसते. हे महत्त्वाचं, कारण आपली माणसं काकांचा चेहरा पाहूनच थांबतात. समजा, दोन्ही प्रत्येकी हजार वेळा दिसले. ‘अ’ ४६ टक्के, ‘ब’ ५८ टक्के.

म्हणजे डोळे चुकले का? माझ्या मते नाही. डोळ्यांनी एका क्षणाबद्दल सांगितलं, आकडा तीन सेकंदांबद्दल बोलतो. मधे काय घडलं, ते आता आवाज लावून पाहायचं. ‘अ’मध्ये त्या सुंदर फ्रेमनंतर लगेच नावाची पाटी येते, दोन सेकंद संथ संगीत. फ्रेमने दिलेला शब्द पाटीने मोडला. ‘ब’ची फ्रेम मिळमिळीत, पण अर्ध्याच सेकंदात नवसागर पडतो, ‘चर्र’ आवाज होतो आणि धुराचा लोट उठतो. गोठवलेल्या चित्राला आवाज नसतो, हालचालही नसते. त्यामुळे हा हुक परीक्षकांना दिसणं शक्यच नव्हतं. उलट, नुसता आकडा पाहणाऱ्याने ‘अ’ची फ्रेमच टाकून दिली असती, आणि दोष पाटीचा आहे हे त्याला कळलं नसतं.

म्हणून तिसरी सुरुवात, ‘क’: अर्धं लख्ख पातेलं, आणि पाटीऐवजी लगेच तो ‘चर्र’. समजा, तिला ६१ टक्के मिळाले. ‘ब’पेक्षा तीनने जास्त, पण एवढ्यावर पेढे वाटू नयेत. हजार-हजार वेळा दाखवलेल्या दोन व्हिडिओंमध्ये चारेक टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. दोनशेच वेळा दाखवले असतील, तर दहा टक्क्यांपर्यंतचा फरकही फारसा धरू नये. ‘अ’ आणि ‘ब’मधले बारा टक्के मात्र हजारांवर खरे मानायला हरकत नाही.

‘ब’ की ‘क’, हे ठरवायला सरासरी किती सेकंद पाहिलं गेलं ते बघावं लागतं. ‘क’ने झळाळी आधीच दाखवून टाकली आहे, ती पाहून समाधान झालेला माणूस आठव्या सेकंदाला निघून जात असेल आणि ‘ब’चा प्रेक्षक कापसाचा बोळा फिरेपर्यंत बसत असेल, तर मी ‘ब’च ठेवीन. फक्त काकांच्या हातातलं पातेलं कोपऱ्यातून मधोमध आणीन, म्हणजे चहाच्या दुकानाचा प्रश्न मिटेल.