लाखातले तीन हजार

जून-जुलैत अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोटी वर ओढून ठेवलेल्या असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी. कोळीवाड्यातली मिळकत थांबते आणि खर्च नेमका याच दिवसांत निघतो. बोटीची डागडुजी, इंजिनाचं काम, जाळी, आणि बंदी उठायच्या सुमाराला डिझेल नि बर्फ. मुलांच्या शाळाही याच वेळी सुरू होतात. म्हणजे पैसे काढायची गरज घरोघरी एकदमच लागते. आणि ठेवीतला मोठा भाग तर बँकेने कधीच कर्जाऊ देऊन टाकलेला असतो. मग गाडा चालतो कसा?

वसई पट्ट्याला बँकेचा धंदा नवा नाही. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी 1918 मध्ये पापडीला सुरू केलेली पतसंस्था पुढे बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक झाली. आज या भागात सहकारी बँका आहेत, राष्ट्रीयीकृत बँका आहेत, खासगीही आहेत. पाट्या वेगळ्या असल्या तरी आतला हिशेब एकच.

हा हिशेब सर्वांत जवळून बघतो तो हेड कॅशिअर. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक त्याच्याकडे, दुसरी शाखाधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. शंभर नोटांचं एक पाकीट, दहा पाकिटांचं एक बंडल, आणि संध्याकाळी पैशापर्यंत ताळा जुळला पाहिजे. पण त्याची खरी कसोटी मोजणीत नसते. उद्या किती रोकड लागेल, हा अंदाज बांधण्यात असते. प्रत्येक शाखेला रोकड ठेवण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. जास्त ठेवली तर विम्याचा आणि चोरीचा घोर, शिवाय पडून राहिलेल्या नोटेला व्याज नाही. कमी ठेवली तर काउंटरवर ‘जरा थांबा’ म्हणावं लागतं, आणि बँकेत हे दोन शब्द फार महाग पडतात. म्हणून जुलै उजाडायच्या आत तो वरिष्ठ कार्यालयाकडे जादा रोकड मागून ठेवतो. ती करन्सी चेस्ट असलेल्या मोठ्या बँकेकडून गाडीने येते.

त्याला हात देतो तो गावाचा मिश्र स्वभाव. कोळीवाडा पैसे काढत असतो तेव्हा वाडीवाल्याच्या भाजी-फुलांचे पैसे जमा होत असतात, नोकरदाराचा पगार पहिल्या आठवड्यात येतो. ख्रिस्ती घरांतल्या लग्नांचा आणि नाताळाचा खर्च डिसेंबरात निघतो, तेव्हा बोटी समुद्रात असतात. ठेवीदार जितके वेगवेगळ्या धंद्यांचे, तितकी कमी रोकड पुरते. सगळे एकाच धंद्यातले असतील तर हे गणित अवघड होतं.

आता एका लाखाचा प्रवास पाहू. समजा, एका नाखव्याने जुनी बोट विकून एक लाख रुपये बँकेत ठेवले. यातले 3 टक्के, म्हणजे 3,000 रुपये, बँकेला रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागतात. याला रोख राखीव प्रमाण म्हणतात. ते 4 टक्के होतं, 2025 च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने 3 वर आलं. या रकमेवर बँकेला व्याज मिळत नाही. आणखी 18 टक्के, म्हणजे 18,000 रुपये, मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावे लागतात. उरले 79,000. ते बँक दुसऱ्या नाखव्याला इंजिनासाठी कर्ज देते. तो ते विरारच्या दुकानदाराला देतो आणि दुकानदार आपल्या बँकेत भरतो. ती बँक त्यातले 2,370 रिझर्व्ह बँकेत ठेवते, 14,220 रोख्यांत घालते आणि 62,410 पुढे कर्जाऊ देते. असं फिरत राहिलं तर पहिल्या एका लाखातून जास्तीत जास्त पावणेचार लाखांच्या आसपास कर्जं उभी राहतात. आणि पहिल्या नाखव्याच्या पासबुकात एक लाख जसेच्या तसे दिसत असतात.

हे झालं पुस्तकातलं गणित. शाखेत प्रत्यक्ष क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. कर्ज मंजूर झालं की संगणकात दोन नोंदी होतात, एक कर्जखात्याच्या नावे आणि तेवढीच रक्कम बचत खात्यात जमा. त्या क्षणी कुठल्याही ठेवीदाराच्या खात्यातून पैसा हललेला नसतो; नवी ठेव तयार झालेली असते. ते पैसे दुसऱ्या बँकेत निघाले की मात्र मुख्य कार्यालयाला तेवढी तरतूद करावी लागते. म्हणून बँकेच्या हाताला खरा लगाम त्या 3 टक्क्यांचा नसतो. स्वतःचं भांडवल किती आणि कर्ज फेडणारा ग्राहक मिळतो का, यावर सगळं अडतं.

एक गोष्ट ठेवीदारांच्या सहसा लक्षात येत नाही. ते 3 टक्के अडचणीसाठी बाजूला काढलेले पैसे नाहीत. पंधरवड्याच्या सरासरीने ते भरलेच पाहिजेत. एखाद्या दिवशी ठरलेल्या रकमेच्या 90 टक्क्यांपर्यंत उतरण्याची तेवढी मुभा असते. शंभर रुपयांची ठेव काढली गेली तर तिच्यापोटी राखलेले तीनच रुपये मोकळे होतात. बाकीचे सत्त्याण्णव तिजोरीतून, इतर बँकांतल्या शिलकीतून, नाहीतर रोखे विकून किंवा तारण ठेवून उभे करावे लागतात. अर्नाळ्याच्या जुलैला एवढं पुरतं. शाखा सुकली तरी बँक सुकत नाही.

बँक बुडते ती दुसऱ्या बाजूने. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. मार्च 2019 अखेर तिच्याकडे सुमारे 11,600 कोटींच्या ठेवी होत्या आणि सुमारे 8,400 कोटींची कर्जं. कागदोपत्री थकीत कर्ज चार टक्क्यांहूनही कमी होतं. प्रत्यक्षात जवळजवळ तीन चतुर्थांश कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे, एचडीआयएलकडे, अडकलेलं होतं. ते लपवण्यासाठी 21,000 हून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली. विरार-पालघर पट्ट्यातल्या लोकांना या समूहाचं नाव बांधकामांच्या फलकांवरून माहीत होतं. आपल्या ठेवीशी त्याचा संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सुरुवातीला खात्यातून सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येणार होते. ती मर्यादा 10,000, 25,000 अशी वाढत जून 2020 मध्ये एक लाखावर गेली. कुणाचं ऑपरेशन खोळंबलं, कुणाच्या घरातलं लग्न. राखीव निधीने यात काय केलं? काही नाही. तो नियमाप्रमाणे ठेवलेला असला तरी उपयोग नव्हता, कारण भोक कर्जाच्या वहीत होतं. जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळाल्या. त्यावरच्या रकमेची फेड दहा वर्षांपर्यंत लांबवलेली आहे.

त्या प्रकरणानंतर तीन गोष्टी बदलल्या. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली, आणि 2021 च्या कायद्याने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याचे पैसे देणं बंधनकारक झालं. शिवाय नागरी सहकारी बँकांनाही आता एका कर्जदाराला प्रथम श्रेणी भांडवलाच्या 15 टक्क्यांपर्यंत आणि एका समूहाला 25 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं.

तेव्हा तिजोरीत किती आहे, हे विचारण्यापेक्षा ठेवीदाराने वार्षिक अहवाल मागावा. थकीत कर्ज किती, भांडवल किती आणि मोठी कर्जं किती जणांकडे, एवढं तरी पाहावं. सहकारी बँकेचा भागधारक असेल तर सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारावं. एका बँकेतल्या आपल्या सगळ्या ठेवी आणि त्यांवरचं व्याज मिळून पाच लाखांच्या वर जात असेल तर रक्कम दोन बँकांत विभागावी. आणि पतसंस्थेत पैसे ठेवताना हे माहीत असू द्यावं, की हा विमा पतसंस्थांना लागू नाही.