फलकावर संगमनेर सापडत नाही तेव्हा

सिन्नरच्या एका बाईंना सकाळी अकरा वाजता संगमनेरच्या डॉक्टरांकडे पोचायचे आहे, असे समजू. अक्षर-अंक त्या नुकत्याच शिकल्या आहेत. स्थानकावर येऊन त्या फलक पहिल्या ओळीपासून वाचू लागतात. नाशिक, पुणे, शिर्डी ही नावे लागतात, पण संगमनेर काही दिसत नाही. वाचता येत असूनही हवे ते सापडत नाही, कारण वेळापत्रक गोष्टीसारखे सलग वाचायचे नसते. आधी मनात प्रश्न पक्का करायचा आणि त्याच्या उत्तरापुरतेच वाचायचे.

सरावासाठी असा छोटा फलक घेऊ. यातल्या वेळा नमुन्याच्या आहेत.

| कुठे | मार्गे | वेळ |
|---|---|---|
| पुणे | संगमनेर, नारायणगाव | ०८:१५ |
| शिर्डी | वावी | ०८:४५ |
| पुणे | संगमनेर, नारायणगाव | ०९:३० |
| पुणे | संगमनेर, नारायणगाव | १०:१५ |

पहिल्या रकान्यात गाडीचे शेवटचे गाव असते. वाटेतली मोठी गावे ‘मार्गे’ या रकान्यात मिळतात. सिन्नरहून पुण्याकडे जाणारा रस्ता संगमनेरवरून जातो, म्हणून बाईंना पुण्याच्या ओळी पाहायच्या आहेत. शिर्डीची गाडी मात्र वावीकडून जाते, त्यामुळे ती ओळ सोडून द्यायची. एखादी पट्टी किंवा कागदाची घडी ओळीखाली धरली, की नजर शेजारच्या ओळीवर घसरत नाही आणि शिर्डीची वेळ पुण्याच्या गाडीला चिकटत नाही.

आता वेळेचा हिशोब. तो शेवटाकडून मागे करायचा. प्रवासाला सुमारे एक तास आणि स्थानकावरून दवाखान्यापर्यंत वीस मिनिटे धरली, तर अकरातून एक तास वीस मिनिटे वजा करायची. एक तास मागे गेल्यावर दहा वाजतात आणि आणखी वीस मिनिटे मागे गेल्यावर नऊ चाळीस. इथे बरेच शिकणारे अडखळतात. रुपयांच्या वजाबाकीची सवय असल्याने दहातून वीस मिनिटे काढल्यावर ते नऊ ऐंशी लिहितात. तासाची मिनिटे साठच असतात, त्यामुळे मिनिटांच्या जागी साठ किंवा त्याहून मोठा आकडा आला की हिशोब चुकला हे लगेच कळते.

म्हणजे नऊ चाळीसपर्यंत सुटणारी गाडी हवी. साडेनऊची चालेल, पण हातात दहाच मिनिटे उरतात. सव्वाआठची गाडी निवांत पोचवेल.

तरी एक गोष्ट विचारून घ्यायला हवी. ही गाडी सिन्नरहूनच सुटते की नाशिकहून येते? फलकावरची साडेनऊ ही नाशिकहून सुटण्याची वेळ असेल, तर गाडी सिन्नरला यायला साधारण तासभर लागेल आणि अकराची वेळ नक्की हुकेल. फलकावर हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर चौकशी खिडकीवर “ही वेळ इथून सुटण्याची आहे का?” असे विचारावे.

परतीचा प्रश्न वेगळा आहे. समजा, संगमनेरच्या फलकावर सिन्नरमार्गे नाशिकला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा १६:२०, १७:४० आणि २०:१० अशा आहेत आणि बाईंना सात वाजायच्या आत सिन्नरला पोचायचे आहे. दुपारी बारानंतर हे घड्याळ पुन्हा एकपासून मोजत नाही, तेरा, चौदा असे पुढेच जाते. म्हणून तासांतून बारा वजा करायचे. सतरातून बारा गेले की पाच, म्हणजे १७:४० ही संध्याकाळची पाच चाळीस. घाईत दहाच वजा केले जातात आणि १७ चे सात होतात. तसे झाले तर बाई स्थानकावर येतील तेव्हा गाडी दोन तासांपूर्वीच गेलेली असेल. बरोबर हिशोब केला, तर पाच चाळीसची गाडी सुमारे सहा चाळीसला सिन्नरला पोचते.

रेल्वेतही हेच घड्याळ चालते, पण तिथे मध्यरात्र फसवते. रात्री बारा वाजता ००:०० होतात आणि तारीख बदलते. मनमाडहून गाडी १५ तारखेला ००:२० ला सुटणार असे तिकिटावर असेल, तर १४ तारखेच्या रात्री जेवण उरकून स्टेशनवर जायचे असते. १५ च्या रात्री गेलेल्या प्रवाशाची गाडी जवळजवळ चोवीस तासांपूर्वी निघून गेलेली असते. म्हणून वेळेची सुरुवात ००ने होत असेल, तर घरातून कोणत्या वारी, कोणत्या रात्री निघायचे ते तिकीट हातात येताच दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावे.